गीझर थांबून थांबून का उसळतो, आणि अनहोनीचं कुंड का नाही?

मधुरा_धरमपेठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून पचमढीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून अनहोनीचं गरम पाण्याचं कुंड पाहिलं. पाणी चांगलंच गरम, तळातून बुडबुडे, गंधकासारखा वास. घरी आल्यावर माझ्या दहावीतल्या मुलाने अमेरिकेतल्या ओल्ड फेथफुल गीझरचा व्हिडिओ लावला आणि मला कोंडीत पकडलं.

मी त्याला नेहमीचं सांगितलं: जमिनीखाली पाणी तापतं, वाफ होते, दाब वाढतो, पाणी उडतं. तो म्हणे, "आई, खालची उष्णता तर चोवीस तास चालू आहे. मग वाफ सतत यायला पाहिजे. हा तासभर गप्प बसतो, चार मिनिटं उडतो, परत गप्प. कशामुळे?" आणि पुढचा प्रश्न, अनहोनीला तर पाणीही आहे आणि उष्णताही, मग ते का नाही उडत?

मला उत्तर आलं नाही. नेटवर जिथे पाहावं तिथे "दाब वाढतो आणि उद्रेक होतो" एवढ्यावरच गाडी थांबते. कोणी नीट समजावेल का?

राजाभाऊ_इतवारी

ताई, सोपं आहे. खाली गंधकाचे साठे असतात, त्याने पाणी तापते. म्हणून तर वास येते. अन् उडायचं म्हणाल तर ते प्रेशर कुकर आहे. खाली मोठी गुहा, तिच्यात वाफ कोंडते, दाब झाला की शिट्टी. शिट्टी झाली की दाब उतरला, परत भरायला वेळ लागते. झालं तुमच्या पोराचं उत्तर.

अनहोनीच्या कुकरला झाकणच नाही, म्हणून उडत नाही.

त्रिमूर्तीनगरवाला

आमच्याकडेही सेम प्रॉब्लेम आहे. गीझर थांबून थांबून उसळतो. नळ सोडला की आधी फुर्रर्र करून वाफ, मग उकळतं पाणी, मग जरा वेळ काहीच नाही, परत फुर्रर्र. पंधरा लिटरचा आहे, सहा वर्षं जुना. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणतो आणि येत नाही. कोणाला अनुभव आहे का? थंडी सुरू झालीय, घरात म्हातारी आई आहे.

मधुरा_धरमपेठ

दादा, हा धागा जमिनीतल्या गीझरबद्दल आहे :)

फिटर_दिनेश

त्रिमूर्तीनगरवाले भाऊ, धागा कशाचाही असू द्या, आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. थर्मोस्टॅट चिकटला असेल. साठ-सत्तरला कट व्हायला पाहिजे तो होत नाहीये, पाणी तापतच राहते. गरम पाण्याचा नळ आत्ता उघडू नका, तासदोन तास थंड होऊ द्या. माणसाला थर्मोस्टॅटसोबत सेफ्टी व्हॉल्व्हही तपासायला सांगा. व्हॉल्व्ह क्षाराने जाम असते बरेचदा, आपल्या इकडच्या बोअरच्या पाण्याने तर फारच. तोपर्यंत आईसाठी पाणी गॅसवर तापवा.

बसाल्ट

बोअर आणि भूजल यांतच नोकरी गेली, काही वर्षं छत्तीसगडच्या बाजूलाही होतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

मधुराताई, तुमच्या मुलाने नेमकी नस पकडली आहे. "दाब वाढतो म्हणून उडतं" हे उलटं आहे. गीझर उडतो तो दाब *कमी* झाल्यामुळे. आणि गंमत म्हणजे त्रिमूर्तीनगरच्या भाऊंचा बाथरूममधला गीझर हे समजायला उत्तम आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

नागपुरात उघड्या पातेल्यात पाणी साधारण 99 अंशांना उकळतं. पण भाऊंच्या टाकीवर गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याचा भार आहे. गच्चीची टाकी गीझरपेक्षा सहा मीटर उंच असेल, तर त्या भाराखाली पाणी 110 च्याही पुढे जाईपर्यंत उकळणार नाही. थर्मोस्टॅट बिघडला म्हणून आतलं पाणी समजा 108 ला पोचलं. ते शांत बसलेलं असतं, वाफ नाही, आवाज नाही. नळ उघडला की त्या पाण्यावरचा भार गेला. आता 108 चं पाणी 99 च्या जगात आलं. त्यातला थोडा भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि उरलेल्या पाण्याला ढकलत बाहेर येतो. तीच ती फुर्रर्र.

जमिनीत गच्चीची टाकी म्हणजे नळीतलं पाणीच. वरचं पाणी खालच्या पाण्यावर बसलेलं असतं. दर दहा मीटर खोलीला जवळपास एक वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे तळातलं पाणी 115-120 अंश झालं तरी उकळू शकत नाही, वरचं पाणी त्याला दाबून धरतं. उष्णता चोवीस तास येते हे खरं, पण ती तेवढा वेळ पाण्यात साठत असते.

मग कधीतरी खालून वाफेचे मोठे बुडबुडे वर चढतात आणि नळीच्या तोंडाशी असलेलं थोडं पाणी बाहेर सांडतं. बघणाऱ्याला वाटतं, उडायची तयारी चालली आहे. खरं तर तेवढ्यानेच खेळ सुरू झालेला असतो. वरचं मीटर-दोन मीटर पाणी गेलं, म्हणजे खालच्या सगळ्या पाण्यावरचा भार हलका झाला. जे पाणी उकळीच्या काठावर होतं ते फुटलं, त्याने आणखी पाणी बाहेर फेकलं, भार आणखी उतरला, त्याखालचं पाणी फुटलं. उकळी वरून खाली उतरत जाते आणि पाणी खालून वर येतं.

नळी रिकामी झाली की थोडा वेळ नुसती वाफ येते आणि खेळ संपतो. आजूबाजूच्या भेगांतून परत पाणी झिरपायचं, नळी भरायची, तापायची. हाच तो मधला तास.

राजाभाऊ_इतवारी

म्हणजे कुकरच झाला ना काका. शब्द बदलले फक्त.

बसाल्ट

अर्धा झाला, राजाभाऊ. कोंडलेली वाफ आणि गुहा हे मत जुनं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आइसलँडचा मोठा गीझर पाहून ते मांडलं गेलं होतं. 1846 मध्ये बुन्सेन, तोच बर्नरवाला, तिथे गेला आणि त्याने दोरीला थर्मामीटर बांधून गीझरच्या नळीत वेगवेगळ्या खोलीवर सोडले. त्याला दिसलं की नळीतलं पाणी त्या त्या खोलीच्या उकळीबिंदूच्या खालीच आहे, पण उद्रेकाची वेळ जवळ येईल तसं अंतर कमी होत जातं. मधल्या खोलीवरचं पाणी थोडं वर उचललं गेलं, तरी तिथल्या कमी दाबाला ते उकळीच्या पार जातं. झाकणाची गरजच नाही. पाण्याचं झाकण पाण्यालाच.

कुकरमध्ये आधी वाफ साठते, इथे उष्णता साठते आणि वाफ ऐन वेळी तयार होते. हा फरक मोठा आहे.

आणि गंधकाचं म्हणाल तर गंधक पाणी तापवत नाही. वास हायड्रोजन सल्फाइडचा. खोलवर गेलेलं गरम पाणी खडकातून तो घेऊन येतं. उष्णता आधी, वास नंतर.

शिंदे_मास्तर

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो, म्हणून हिशेब करून पाहिल्याशिवाय चैन पडेना. ओल्ड फेथफुल समुद्रसपाटीपासून साधारण 2,240 मीटर उंच आहे, तिथे उघडं पाणी 93 अंशांनाच उकळतं. नळीत 22 मीटर खोल 118 अंश तापमान मोजलं गेलं आहे. आता 118 चं एक लिटर पाणी अचानक उघड्या हवेत आलं तर? 25 अंशांची उष्णता जास्तीची. ती वाफ करण्यात खर्च होते. हिशेबाने शंभरातला साडेचार-पाच भाग पाण्याची वाफ होते, म्हणजे लिटरमागे पन्नास ग्रॅमसुद्धा नाही.

वाटतं, एवढ्याशा वाफेने काय होणार? पण तिथल्या कमी हवेच्या दाबाला ती वाफ जवळजवळ शंभर लिटर जागा मागते. एक लिटर पाण्याच्या पोटातून शंभर लिटर वाफ, आणि बाहेर पडायला एक अरुंद नळी. मधुराताई, मुलाला हा हिशेब करायला द्या, दहावीच्या सुप्त उष्णतेत बसतो.

पण बसाल्टसाहेब, एक गोष्ट खटकते. नळी काठोकाठ भरली असेल तर 22 मीटरवर पाणी 132 अंशांना उकळायला हवं. मोजलेलं आहे 118. म्हणजे चौदा अंश कमी. मग ते उकळीच्या काठावर कुठे आहे?

बसाल्ट

मास्तर, आकडे बरोबर आहेत. यात दोन गोष्टी आहेत. एक तर उद्रेकापूर्वी ओल्ड फेथफुलचं पाणी काठोकाठ नसतं. ते तोंडापासून काही मीटर खाली असतं. सहा मीटर कमी धरा, तर तुमचे 132 घसरून 125 च्या आसपास येतात. पण मग तरी सात अंश उरतातच.

उरलेलं अंतर बुडबुडे भरून काढतात. खालून, नळीच्या बाजूच्या पोकळ्यांतून, वाफेचे गोळे थंड पाण्यात घुसतात, तिथे विरतात आणि आपली उष्णता देऊन जातात. वरचे थर असे हळूहळू तापतात. वरचे थर एकदा उकळीला आले की त्यांनी थोडं पाणी फेकलं तरी पुरे. 22 मीटरवरच्या 118 च्या पाण्यावरचं ओझं सहा मीटर पाण्याइतकं उरलं, की त्याचा उकळीबिंदू 108 वर येतो. मग ते थांबत नाही. म्हणजे तळाला आधी उकळायची गरजच नाही, वरून सुरुवात झाली की तळ आपोआप ओढला जातो.

शिंदे_मास्तर

मग सुरुवात वरच्या थराने होते की बाजूच्या पोकळीतल्या वाफेने?

बसाल्ट

यावर अजून वाद आहे, आणि मला वाटतं सगळ्या गीझरांना एकच उत्तर लागू पडणार नाही. रशियात कामचाटकाच्या गीझर दरीत बेलोउसोव्ह आणि सहकाऱ्यांनी गीझरांच्या नळ्यांत कॅमेरे सोडले, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांना नळीच्या बाजूला वर फुगलेल्या, खालून तोंड असलेल्या पोकळ्या दिसल्या. तिथे वाफ अडकते आणि भरली की एकदम बाहेर फसकते. त्यांच्या मते उद्रेक त्यामुळेच होतो. ओल्ड फेथफुलच्या खालच्या हादऱ्यांवरूनही बाजूला पोकळी असल्याचं दिसलं आहे.

राजाभाऊ, तुमची गुहा अगदीच बाद नाही, हे मान्य करतो.

राजाभाऊ_इतवारी

पाहा! दोनशे वर्षांनी तरी मान्य केलं बाप्पा. इतवारीचं खरं निघालं शेवटी.

ऑरेंज_सिटी_आजी

लेकीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा हा ओल्ड फेथफुल पाहिला. बाकांवर शेकडो माणसं बसलेली, आणि तिथे पाटीवर पुढची वेळ लिहिलेली, पुढे-मागे दहा मिनिटं. मला वाटलं, हे काय रेल्वेचं वेळापत्रक आहे का? पण खरोखर त्या वेळेत उडाला. तेवढी अचूक वेळ यांना कळते कशी? आणि आधी दोन-तीनदा नुसतं पाणी वर येऊन परत बसलं, लोक उगाच टाळ्या वाजवत होते.

बसाल्ट

आजी, तुम्ही पाहिलेलं ते वर येऊन बसणं म्हणजे वरच्या थराची झटापट. प्रत्येक वेळी ती पुरेशी होत नाही.

वेळेचं गणित मागच्या उद्रेकावरून करतात. मागचा उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला असेल तर पुढचा साधारण तासाभरात येतो. लांबला असेल तर दीड तासाच्या आसपास वाट पाहावी लागते. कमी वेळ उडाला म्हणजे नळीत बरंच गरम पाणी शिल्लक राहिलं, ते पुन्हा तयार व्हायला वेळ कमी. जास्त रिता झाला तर भरायला आणि तापायला जास्त वेळ. तिथले कर्मचारी उद्रेक किती वेळ चालला ते बघतात आणि पाटी बदलतात.

हे फक्त अशा गीझरांना चालतं ज्यांची नळी शेजाऱ्यांशी जोडलेली नाही. ओल्ड फेथफुल ज्या यलोस्टोन उद्यानात आहे, तिथलाच स्टीमबोट गीझर जगात सगळ्यात उंच उडतो, नव्वद मीटरच्या वर, पण त्याची वेळ कोणी सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं गप्प होता आणि 2018 मध्ये अचानक सुरू झाला.

मधुरा_धरमपेठ

बसाल्टकाका, शिंदेसर, मनापासून आभार. मुलगा शेजारी बसून वाचतोय. त्याने पहिल्या प्रश्नाचा नाद सोडला, पण दुसरा प्रश्न धरून बसलाय. अनहोनीला पाणी आहे, उष्णता आहे, बुडबुडे पण आहेत. मग?

बसाल्ट

त्याला आधी विचारा, ते बुडबुडे कसले? कुंडातलं पाणी उकळीच्या खूप खाली आहे, तेव्हा ते वाफेचे असूच शकत नाहीत. वाफेचा बुडबुडा त्या पाण्यात येताच विरून जाईल. वरपर्यंत टिकतो तो दुसरा वायू, खोलवरून पाण्यासोबत आलेला. कोकणातल्या कुंडांतही लोक बुडबुडे पाहून "पाणी उकळतंय" म्हणतात आणि त्याच पाण्यात उतरून आंघोळ करतात.

आपल्याकडच्या झऱ्यांखाली लाव्हा नाही. उनकेश्वर घ्या, सालबर्डी घ्या, अनहोनी घ्या, पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जमिनीत किलोमीटरमागे साधारण पंचवीस-तीस अंश वाढतात. दीड किलोमीटर उतरून परत आलेलं पाणी वाटेत थोडं निवलं तरी गरमच लागतं. पण उकळीच्या आसपासही नसतं. यलोस्टोनखाली काही किलोमीटरवर वितळलेला खडक आहे, म्हणून तिथे थोड्याच खोलीवर एवढं तापमान मिळतं.

शिंदे_मास्तर

पण तातापानी? सरगुजाकडचं. तिथलं पाणी जवळजवळ उकळतं असतं असं ऐकून आहे. तिथे का नाही?

बसाल्ट

तो खरा चांगला प्रश्न. तातापानीला झऱ्याचं पाणी 98 अंशांपर्यंत जातं, आणि तिथल्या बोअरमध्ये 350 मीटर खोल 112 अंशांच्या आसपास मोजलं आहे. आता मास्तर, तुमचाच हिशेब लावा. 350 मीटर पाण्याखाली उकळीबिंदू किती? 240 च्याही वर. म्हणजे तिथलं पाणी उकळीपासून सव्वाशे अंश लांब आहे. ते उकळू शकतं फक्त वरच्या पाच-सहा मीटरमध्ये. म्हणून बोअरच्या तोंडाशी वाफ आणि पाणी एकत्र येतं, मोठा देखावा दिसतो, पण थांबून उसळणं नाही. नळीभर उकळीच्या काठावरचा साठा तयार होतच नाही.

आणि झऱ्याला पाणी सतत मिळतं. येतं तसं वाहून जातं. गीझरला पाणी आणि उष्णता यांच्यात विशिष्ट मेळ लागतो. पाणी फार भराभर आलं तर तो नुसता वाहणारा झरा होतो, फार कमी आलं तर नुसती वाफेची भेग.

तिसरी गोष्ट नळीची. यलोस्टोनमध्ये दहा हजारांवर गरम झरे, डबकी, वाफेच्या भेगा आहेत. त्यांतले गीझर जेमतेम पाचशे. उष्णता सगळ्यांखाली तीच. पण डबकं रुंद असलं की खालचं गरम पाणी वर येतं, हवेत निवतं, खाली जातं. सगळं पाणी घुसळलं जातं आणि खालच्याला जास्त तापायची संधी मिळत नाही. नळी अरुंद पाहिजे. ओल्ड फेथफुलमध्ये 1992 साली कॅमेरा सोडला, तेव्हा सुमारे सात मीटरवर ती जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर रुंद दिसली. आपल्या साध्या बोअरच्या केसिंगपेक्षाही लहान.

शिवाय नळीच्या भिंती गळक्या नकोत. तिथला खडक सिलिका भरपूर असलेला. गरम पाणी ती विरघळवून वर आणतं आणि नळीला आतून चिकटवतं, सिमेंटसारखा लेप बसतो. मुरमाड, भेगाळ खडकात दाब टिकणार नाही.

फिटर_दिनेश

क्षार तिकडे गीझरला वाचवते अन् इकडे गीझरला मारते. वा रे वा.

बेसा_प्लॉट_42

आमच्या बोअरमधून कधी कधी मोटर लावली की पाणी हवेसकट फट्फट् करत उसळते. आणि थंडीत पाणी कोमट पण लागते. खाली गरम झरा असेल का? प्लॉटला भाव येईल का? :D

बसाल्ट

नाही हो. नागपुरात बोअरचं पाणी बारा महिने साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं, डिसेंबरच्या पहाटे ते कोमट वाटतंच. फट्फट् होतंय म्हणजे पाण्याची पातळी पंपापर्यंत उतरली आहे आणि पंप हवा ओढतोय. मोटर सारखी चालवू नका, जळेल. अधूनमधून विश्रांती द्या आणि पातळी मोजून घ्या. उन्हाळ्यात गाळात जाईल तो.

राजाभाऊ_इतवारी

काका, मग तातापानीला दोन-चार बोअर अजून मारले तर? पाणी कमी केलं, नळी अरुंद केली, की बनला आपला विदर्भाशेजारचा ओल्ड फेथफुल. टुरिझम!

बसाल्ट

बोअर मारल्याने गीझर बनण्याऐवजी मरतात, राजाभाऊ. न्यूझीलंडमध्ये वायराकेईला 1950 च्या दशकात विजेसाठी बोअर मारून गरम पाणी उपसायला सुरुवात केली आणि तिथले नैसर्गिक गीझर बंद पडले. दाब उतरला, पाणी नळीपर्यंत पोचेना. रोटोरुआ गावात 1980 च्या दशकात गीझरांच्या जवळचे बोअर सक्तीने बंद केले, तेव्हा काही गीझर थोडे सुधारले, काही नाही. उपसा कुठे थांबवला तर किती परत येतं, यावर तिथले लोक अजून भांडतात.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. अमेरिकेत यूटामध्ये क्रिस्टल गीझर म्हणून आहे, तो 1930 च्या दशकात तेल शोधायला मारलेल्या बोअरमधूनच उडतो. पण त्याचं पाणी थंड, उडवणारा कार्बन डायऑक्साइड. पाण्यात विरघळलेला वायू, वरचं पाणी सांडलं की दाब उतरतो आणि वायू फसफसून सुटतो. उष्णता सोडली तर बाकी खेळ तोच.

मधुरा_धरमपेठ

मुलाला आता घरी करून पाहायचंय. चंबू आणि लांब काचेची नळी, वर थाळी. करू देऊ का?

शिंदे_मास्तर

एकट्याला नको. नळी आखूड घेतली तर नुसतं उकळेल, उडणार नाही. लांब घेतली तर 105-106 अंशांचं पाणी थेट तोंडावर येऊ शकतं. आणि नळीत काही अडकलं तर चंबू फुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत, गॉगल लावून, सरांसमोर. मीटर-दीड मीटरची नळी चालेल. उद्रेकापूर्वी किती वेळा पाणी वर येऊन बसतं ते मोजून ठेवा म्हणावं त्याला, आणि इथे टाका. बसाल्टसाहेबांचा आणि माझा वरच्या थराचा वाद त्यावर थोडा पुढे सरकेल.

त्रिमूर्तीनगरवाला

माणूस येऊन गेला. थर्मोस्टॅट चिकटलेलाच होता आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पूर्ण जाम. दोन्ही बदलले, साडेआठशे रुपये. दिनेशभाऊ, धन्यवाद. आता फुर्रर्र बंद.